चादर-टॉवेलच्या होलसेल दुकानात आयटमवार एनआरव्ही आणि जीपी पद्धत : काही महिने वापरून झाल्यावर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. मार्चअखेरीला प्रत्येक आयटमची खरेदी किंमत आणि एनआरव्ही, म्हणजे माल विकून खर्च जाता हातात येणारी रक्कम, शेजारी मांडून त्यातली कमी ती धरायची, ही पद्धत आता आमच्याकडे कायमची. कामाचा ताप वाढतो, पण पर्याय नाही. मधल्या महिन्यांत माल न मोजता जीपीवरून, म्हणजे ढोबळ नफ्याच्या टक्क्यावरून, स्टॉक काढायची पद्धतही चालते, फक्त सगळ्या मालाला एकच टक्का लावलात तर ती कधी कधी गोड आकडा देते आणि तुम्ही तोच बँकेला पाठवता. दोन्ही पद्धती एकत्र वापरणाऱ्याला एक सांधा नीट बसवावा लागतो, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचं दुकान सोलापुरात, चाटी गल्लीच्या बाजूला. जकार्ड चादरी, टेरी टॉवेल, नॅपकिन. माल कारखानदारांकडून घ्यायचा आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना द्यायचा. पूर्वी मार्चला सगळा माल खरेदीच्या भावाने धरायचो. या वेळी आमच्या सीए साहेबांनी सांगितलं, "एकूण बेरजेची तुलना करू नका, आयटमवार करा." अकाउंटिंग स्टँडर्ड २ मध्ये तसंच आहे, आणि आयकराच्या स्टॉक मूल्यांकनाच्या नियमातही तेच.

फरक किती पडतो ते आमच्या यादीतल्या तीन ओळींवर दाखवतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

चादरी ४०० नग. आम्हाला पडलेली किंमत ४२० रुपये. विक्री ५२०, त्यातून दलाली, पॅकिंग आणि पोचवणावळ मिळून २० गेले की हातात ५००. ही ५०० म्हणजे एनआरव्ही. टॉवेल १,५०० नग, पडले ९५ ला, विक्री ११०, खर्च ५, हातात १०५. नॅपकिन २,००० नग, पडले ३८ ला. डिझाइन जुनं झालं, आता ३० च्या वर कोणी घेत नाही, त्यात २ रुपये खर्च. हातात २८.

आता एकूण बेरीज करा. खरेदी किंमत ३,८६,५०० रुपये, एनआरव्ही ४,१३,५००. बेरजेने पाहिलं तर खरेदी किंमतच कमी, म्हणजे तोटा कुठेच नाही, सगळं छान. आयटमवार पाहिलं तर चादरी १,६८,०००, टॉवेल १,४२,५०० आणि नॅपकिन ५६,०००, एकूण ३,६६,५००. वीस हजारांचा फरक, आणि तो सगळा नॅपकिनचा. चादरींवर अजून न झालेला नफा नॅपकिनच्या झालेल्या तोट्याला झाकत होता. चादर विकली जाईपर्यंत तिचा नफा आपला नाही, नॅपकिनचं नुकसान मात्र आजच झालंय.

वापरताना खरी कसरत एनआरव्ही ठरवण्यात आहे. विक्रीचा भाव कुठला धरायचा? रेटलिस्ट नाही, लेबलवरची एमआरपी तर नाहीच. आम्ही मार्चची शेवटची बिलं आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्याची बिलं काढली आणि ट्रेड डिस्काउंट वजा करून जीएसटीशिवायचा भाव घेतला. एप्रिलची बिलं बघायची, कारण मार्चअखेरीला मालाची जी अवस्था होती ती तिथे उघडी पडते. मार्चमध्ये पडून असलेला नॅपकिन एप्रिलमध्ये ३० ला गेला, तर तो मार्चलाही तेवढ्याचाच होता. ऑर्डर पक्की असेल तर मात्र बाजारभाव बघायचा नाही. एका लॉजसाठी नाव विणून घेतलेले टॉवेल होते, त्यांना ऑर्डरचाच भाव लावला. ऑर्डरपेक्षा जास्त विणून आलेले नग मात्र वेगळे, कारण दुसऱ्याच्या नावाचा टॉवेल बाजारात काय भावाने जातो ते आपल्या सोलापूरकरांना सांगायला नको.

खरेदी किंमतीत आत येणारं भाडं आणि हमाली धरायची, क्रेडिट मिळणारा जीएसटी धरायचा नाही. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर सरासरी खरेदी किंमत बरोबर देतं, पण एनआरव्हीशी तुलना करून कमी ती निवडणं ते स्वतःहून करत नाही. त्यासाठी एक्सेलमध्ये वेगळा कागद ठेवावा लागतो. सगळ्याच आयटमना एवढं बारीक बघण्याची गरज नसते. आमच्या गोदामावरचे अण्णा एका वाक्यात यादी छाटून देतात : "मालक, ज्या गठ्ठ्यावर धूळ बसलीय तेवढंच बघा की." चालता माल खरेदीवर सोडायचा आणि पडलेल्या मालावर वेळ घालवायचा.

माग असणाऱ्यांसाठी एक टीप. आमच्या मेव्हण्यांचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. सुताचा भाव उतरला म्हणून ते लगेच सुताच्या साठ्याची किंमत खाली आणायला निघाले होते. पण त्या सुताचा टॉवेल आपल्याला पडलेल्या किमतीला किंवा तिच्या वर विकला जाणार असेल तर सुताची किंमत खाली आणायची नसते. टॉवेलच तोट्यात जाणार असेल तरच सुताकडे वळायचं, आणि तेव्हा आजचा सुताचा खरेदी भाव हा चांगला आधार.

आता जीपी पद्धत. कॅश क्रेडिटसाठी बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट लागतं, आणि दर महिन्याला गठ्ठे सोडून मोजणं आमच्याच्याने होत नाही. हिशेब असा : सुरुवातीचा स्टॉक अधिक खरेदी, वजा विकलेल्या मालाची किंमत. ती किंमत विक्रीतून नफ्याचा टक्का काढून मिळते. बसल्या जागी पंधरा मिनिटांचं काम.

पहिला घोळ टक्क्याच्या भाषेत होतो. बाजारात आपण बोलतो ते खरेदीवर चढवण्याच्या भाषेत. "वीस टक्के चढवले" म्हणजे १०० चा माल १२० ला. विक्रीवर तो नफा १६.६७ टक्के होतो. हिशेबात विक्रीवरचा टक्का लागतो. दहा लाखांच्या विक्रीला वीस लावला तर स्टॉक तेहतीस हजारांनी फुगतो आणि कागदावर कुठेच खटकत नाही.

दुसरी गोष्ट सोलापूरच्या हंगामाची. थंडीत आणि गड्डा यात्रेच्या दिवसांत चादर चालते, उन्हाळ्यात टॉवेल. चादरीवर विक्रीच्या साधारण १९ टक्के सुटतात, टॉवेलवर १४. वर्षाची सरासरी आमच्याकडे १६ येते, कारण वर्षभरात चादर-टॉवेलची विक्री चाळीस-साठ पडते. एप्रिल ते जूनमध्ये मात्र दहा लाखांत चादर दोन लाखांची आणि टॉवेल आठ लाखांचे गेले. त्या तिमाहीचा खरा टक्का १५. सरासरी १६ लावला असता तर इथेच दहा हजार जास्त दिसले असते. म्हणून दोन गट, दोन टक्के.

वर म्हटलेला सांधा तो हा. मार्चला ज्या नॅपकिनची किंमत २८ वर आणली त्यातले १,२०० जूनपर्यंत ३० ला विकले गेले. त्यांच्यावर ढोबळ नफा दोन रुपये, तोही विकण्याच्या खर्चात जाणारा. त्यांच्या विक्रीला १६ टक्के लावणं म्हणजे नसलेला नफा धरणं. शिवाय मागच्या वर्षाच्या ट्रेडिंग खात्यातला टक्का तसाच उचलला तर त्यात ते वीस हजारांचं नुकसान आधीच बसलेलं असतं, म्हणजे चांगल्या मालाचा टक्काही खाली ओढला जातो. म्हणून टक्का काढताना ते वीस हजार परत मिळवून घ्यायचे, आणि खाली आणलेला माल जीपीच्या हिशेबातून पूर्ण बाहेर काढून नगावर मोजायचा. थोडाच असतो, मोजता येतो.

जूनअखेरीचा हिशेब असा झाला. चालता माल : सुरुवातीला ३,१०,५००, खरेदी ८,७०,०००, विक्री दहा लाख, विकलेल्या मालाची किंमत ८,५०,०००. शिल्लक ३,३०,५००. नॅपकिन २,००० पैकी १,२०० गेले, उरलेले ८०० गुणिले २८ म्हणजे २२,४००. एकूण ३,५२,९००. सगळं एकत्र ढवळून सरसकट १६ लावले असते तर ३,६६,२६० आले असते. तेरा हजारांहून जास्त फरक, आणि तो नेहमी ड्रॉइंग पॉवर, म्हणजे स्टॉकवर बँकेतून उचलता येणारी रक्कम, वाढवणाऱ्या बाजूलाच झुकतो असं नाही. दिवाळीनंतर चादर जोरात असते तेव्हा सरासरी टक्का स्टॉक कमी दाखवतो.

या पद्धतीचा मोठा दोष म्हणजे तिला चोरी दिसत नाही. गोदामातून गठ्ठा गेला तरी हिशेबात तो जागेवरच असतो, कारण त्याचं बिल झालेलं नाही. म्हणून जूनअखेरीला आम्ही मोजणीही केली. टॉवेल ५० नग कमी भरले, ४,७५० रुपयांचे. सगळ्यांच्या नजरा एकमेकांवर गेल्या. शेवटी चलनबुकात सापडलं : पसंतीसाठी एका गिऱ्हाइकाकडे पाठवलेले नग, बिल अजून झालेलं नव्हतं. पसंती कळेपर्यंत तो माल आपलाच, त्यामुळे इथे अंदाज बरोबर होता आणि मोजणी अपुरी. फरक आला की आधी चलनं, मग परत आलेला माल, मग न चढवलेली खरेदी बिलं, या क्रमाने बघतो. एवढं करूनही फरक उरला तर गोदामाच्या चाव्यांकडे वळायचं.

मार्चअखेरीला मात्र हा अंदाज चालवू नका. तिथे मोजणीच लागते, आणि मोजल्याशिवाय धूळ कुठल्या गठ्ठ्यावर आहे ते कळतही नाही.

विम्यासाठीही हाच हिशेब लागतो. आग लागून माल जळाला की मोजायला काही उरत नाही, तेव्हा सर्व्हेअर आगीच्या तारखेपर्यंतचं ट्रेडिंग खातं मांडून स्टॉक काढतो आणि न खपणारा माल तोही वेगळा करतो. विमा स्टॉकपेक्षा कमी रकमेचा असेल तर दावाही त्या प्रमाणात कापला जातो. हे समजल्यावर आम्ही गटवार टक्क्यांचा कागद, खाली आणलेल्या मालाची यादी आणि टॅलीचा बॅकअप दुकानाऐवजी घरी ठेवायला लागलो. पॉलिसीची रक्कम आता थंडीच्या आधी, चादरीचा साठा चढलेला असतो त्या आकड्यावर ठरवतो.