८ बिट की १० बिट: संध्याकाळच्या आकाशातले पट्टे

फोटो एडिटिंगसाठी २७ इंची ४के मॉनिटर घ्यायचाय आणि गाडी ८ बिट की १० बिट यावर अडली आहे, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्हींवर काम केलंय, आता १० बिटवर आहे.

१० बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या १०२४ छटा आणि ८ बिटमध्ये २५६, हे गणित सगळ्यांना माहीत असतं, पण त्रास होतो तो अरुंद पल्ल्यात. सूर्यास्तानंतरचं आकाश घ्या. समजा, स्क्रीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उजेड ८ बिटच्या ० ते २५५ या मापात २० वरून जेमतेम ५० वर जातो. ३८४० पिक्सेलमध्ये ३० पायऱ्या, म्हणजे प्रत्येक पट्टा १२८ पिक्सेलचा, साधारण दोन सेंटिमीटर रुंद. तो डोळ्यांत भरतोच. १० बिटमध्ये त्याच जागेत १२० पायऱ्या बसतात, पट्टा अर्ध्या सेंटिमीटरचा होतो आणि शेजारच्या दोन छटांमधला फरकही पाव उरतो. मला तरी कडा शोधूनच काढाव्या लागतात.

माझा निर्णय मात्र कॅलिब्रेशनने केला. मॉनिटर निळसर असला की प्रोफाइल ग्राफिक्स कार्डातच निळा चॅनेल खाली ओढतं. समजा ८ बिटवर २५५ चं २३० झालं, तर २५६ छटा २३१ जागांत कोंबल्या जातात आणि काही शेजारी छटा एकच होऊन बसतात. मग साध्या करड्या ग्रेडियंटमध्येही पट्टे, वर त्यांना हलकी गुलाबी-हिरवी झाक. हे पट्टे फाइलमध्ये आहेत की स्क्रीनवर, हेच दर वेळी कळेना. फोटोशॉपमध्ये १६ बिट फाइल उघडून Info पॅनेल १६ बिटवर ठेवायचं आणि कर्सर एकाच पट्ट्यातून सरकवायचा. आकडे सलग बदलत गेले तर फाइल स्वच्छ आहे. पण प्रत्येक आकाशाला ही तपासणी करत बसायचं म्हणजे कामाचा खोळंबा. कॅलिब्रेशन मॉनिटरच्या आतच होत असेल तर ८ बिटवरही हा त्रास बराच कमी होतो, हेही सांगायला हवं.

काम जेपेग आणि वेबपुरतं असेल तर ८ बिट पुरेसं आहे. जेपेग मुळातच ८ बिट, आणि ऑनलाइन व्हिडिओतल्या अंधारातले पट्टे बहुतेक कॉम्प्रेशनचे असतात. ते कुठल्याही मॉनिटरवर दिसतील.

१० बिट घेतलात तर पूर्ण साखळी तपासा. ड्रायव्हरमध्ये 10 bpc, फोटोशॉपमध्ये `30 Bit Display`, आणि केबल डिस्प्लेपोर्टची. एचडीएमआय २.० वर ४के, ६० हर्ट्झ आणि पूर्ण आरजीबी १० बिट एकत्र बसत नाही. ‘८ बिट + एफआरसी’ला, म्हणजे दोन छटांमध्ये झपाट्याने बदल करून मधली छटा भासवणाऱ्या पॅनेलला, लोक नाकं मुरडतात. माझ्या डोळ्यांना त्यात आणि खऱ्या १० बिटमध्ये फरक जाणवला नाही, त्यामुळे बजेट तंग असेल तर मी निःशंक तेच घेईन.