लाईव्हमध्ये दाखवली एक, पाठवली दुसरी – पैठणीचा फसवणुकीचा अनुभव

लग्नसराई आलीये आणि लाईव्हवर पैठण्यांचा नुसता पूर आलाय म्हणून हे लिहितेय, जरा लांब होईल पण साडी बुक करायच्या आधी वाचा. एका पेजच्या लाईव्हमधून 'येवल्याची हातमागाची पैठणी' म्हणून 6,850 ला साडी घेतली, आली ती पॉवरलूमची, धागा पॉलिस्टरचा. पेजचं नाव इथे टाकत नाही कारण तक्रार चालू आहे, आणि खरं सांगायचं तर नावाने काही होत नाही, हे लोक नाव बदलून परत येतात. स्क्रिप्ट मात्र तीच असते, म्हणून स्क्रिप्टच सांगते.

माझ्या मावसबहिणीने तो लाईव्ह स्क्रीन रेकॉर्ड केला होता, आईला रंग दाखवायला. साडी आल्यावर आम्ही दोघी ते रेकॉर्डिंग थांबवत थांबवत बघत बसलो आणि तेव्हा कळलं की यात खोटं असं फार काही बोललेलंच नाहीये, सगळी गंमत क्रमात आहे.

सुरुवातीला नेहमीचंच, ताईंनो आवाज येतोय का, येत असेल तर हार्ट टाका, शेअर करा. मग एक जांभळी साडी उघडली, सिंगल मुनियाचा काठ, पदरावर बांगडी मोर. आणि ती साडी खरी होती, हे आधीच सांगते! होस्टने पदर उलटा केला आणि म्हणाली "पुढची बाजू कुठली मागची कुठली ओळखून दाखवा". खरंच ओळखू येत नव्हतं. पारंपरिक हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर वेगवेगळ्या रंगाचे धागे एकमेकांत अडकवत हाताने भरतात, म्हणून नक्षी दोन्हीकडून सारखीच दिसते, मागे लोंबणारे धागे नसतात. मग तिने पदराच्या टोकाचा एक धागा ओढून लाईटरने जाळला, राख बोटात चुरली, केस जळल्यासारखा वास येतो म्हणाली (वास आपल्याला कुठून येणार म्हणा). मग अख्खी साडी अंगठीतून काढली. या अंगठीच्या प्रकाराने सगळ्या कमेंट्स वेड्या होतात, पण त्याने सिद्ध काहीच होत नाही, पातळ पॉलिस्टरची साडीपण आरामात निघते अंगठीतून.

आता पुढचा भाग नीट वाचा. जांभळी साडी घडी घालून बाजूला गेली आणि होस्ट म्हणाली "आता हीच डिझाईन, सेम टू सेम, तुमच्यासाठी कलरमध्ये आणलीये". टेबलवर प्लास्टिकच्या कव्हरमधल्या साड्यांचा गठ्ठा, राणी, रामा ग्रीन, वांगी, मोरपंखी. त्यातली एकही पूर्ण उघडली नाही. पदराचा वरचा भाग तेवढा कव्हरमधून बाहेर काढून खांद्यावर धरायची, लाईट जोरात, गाणं चालू. आणि किंमत इथे आली, जांभळी हातात होती तेव्हा किंमतीचा एक शब्द नव्हता. "शोरूमला 16,500 ला आहे, मी 9,999 पण नाही म्हणत, 7,999 पण नाही, आजच्या लाईव्हला फक्त 6,850, फक्त पहिल्या पंधरा ताईंसाठी, एसएस काढा, कोड के-22, पटकन व्हॉट्सअ‍ॅपला पाठवा". म्हणजे परीक्षा एका साडीची आणि भाव दुसऱ्या साडीचा, मध्ये फक्त "सेम डिझाईन" हे दोन शब्द, आणि डिझाईन तर खरंच सेम होती.

गठ्ठा बघूनच शंका यायला हवी असं मला येवल्याच्या एका विणकर काकांनी नंतर सांगितलं, आत्याच्या ओळखीचे आहेत. साध्या काठाची पैठणीसुद्धा हातमागावर एक-दोन आठवडे घेते, पदर भरलेला असेल तर महिने लागतात. मग एकाच डिझाईनचे, एकाच मापाच्या मोराचे, प्रत्येक रंगात ढीगभर पीस एका लाईव्हला कुठून येणार? काका म्हणाले हाताच्या कामात मोर मोराला तंतोतंत जुळत नाही, थोडं मागेपुढे होतंच.

प्रश्नोत्तरं तर परत परत ऐकण्यासारखी आहेत. कोणीतरी विचारलं प्युअर आहे का, उत्तर आलं "प्युअर क्वालिटी आहे ताई". एकीने विचारलं जर खरी आहे का, तर "जर काळी पडणार नाही ही माझी गॅरंटी". फॉल पिको करून मिळेल का, ब्लाऊज पीस आहे का, कुरिअर किती दिवसात, यावर पाच पाच मिनिटं प्रेमाने बोलणं. आणि एका ताईने चक्क तीनदा टाकलंय, "राणी कलरची मागची बाजू दाखवा". रेकॉर्डिंगमध्ये ती कमेंट वर सरकताना दिसते, होस्टचे डोळेपण तिथे जातात, आणि ती म्हणते "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे का ताईंनो, हार्ट टाका बरं". तिसऱ्या वेळेनंतर त्या ताईची एकही कमेंट दिसत नाही, ब्लॉक केलं असणार असा माझा अंदाज. मधेमधे "मागच्या वेळची साडी अप्रतिम आली" अशा कमेंट्स येत होत्या, सगळ्या त्याच दोन-तीन नावांच्या.

पैसे यूपीआयने आगाऊ, कॅश ऑन डिलिव्हरी नाही, आणि क्यूआर कोडवर पेजचं नाव नाही तर कुठल्यातरी माणसाचं नाव. व्हॉट्सअ‍ॅपवर बिल आलं त्यात "पैठणी सिल्क साडी, 1 नग" एवढंच. हातमाग हा शब्द नाही, प्युअर नाही, येवला तर नाहीच. पैसे द्यायच्या आधी एवढं एक मागा, बिलावर 'हातमाग, प्युअर सिल्क' लिहून द्याल का. खरा विकणारा लिहून देतो, त्याला काय अडचण आहे.

साडी आली ती राणी, हिरवा काठ, लांबून बघितली तर सुंदरच. पदर उलटा केला तर मागे कापलेल्या धाग्यांची नुसती कुसळं. काही साड्यांना ते झाकायला मागून जाळी लावून देतात, इथे तेवढेही कष्ट नव्हते. दुसरं, काठाचा हिरवा नीट हिरवा नाही, गुलाबीकडे झुकणारा मळका. जिथे काठाला वेगळा धोटा चालतो (कडियल म्हणतात) तिथे अंगाचा आडवा धागा, म्हणजे बाणा, काठात जातच नाही, दोघांचे धागे सीमेवर एकमेकांत अडकतात आणि काठाचा रंग स्वच्छ राहतो. लाईव्हमधल्या जांभळीचा काठ असाच होता. माझ्या साडीत राणी बाणा या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ गेलेला, म्हणून काठ मळका. मग धागा जाळला, एक उभा ताण्याचा आणि एक आडवा बाण्याचा, दोन्ही वेगळे जाळा कारण कधीकधी एक सिल्क आणि एक भलताच असतो. माझे दोन्ही वितळून काळा कडक मणी झाला, प्लास्टिकचा वास, चुरायला गेलं तर चुरत नाही. विणकर काकांनी दीड-दोन हजाराची साडी सांगितली.

दोन गोष्टींनी मात्र गोंधळू नका. साडीच्या कडेला बारीक टोचल्यासारखी भोकं दिसली की हातमागाचीच, असं रील्समध्ये सांगतात, माझ्या या पॉवरलूमच्या साडीलापण भोकं आहेत. आणि उलट, मागे धागे दिसले म्हणून प्रत्येक साडी पॉवरलूमची ठरत नाही, हातमागावर जॅकार्ड लावून ब्रोकेड विणतात त्यात मागे धागे येतात. पण मग विकणाऱ्याने तसं सांगायला पाहिजे, दोन्ही बाजू सारख्या असलेली साडी दाखवून ही पाठवायची नाही ना. साडीवर एक सोनेरी स्टिकर होता 'सिल्क' लिहिलेला, त्याला अर्थ शून्य. खऱ्या सिल्क मार्कच्या लेबलवर होलोग्राम आणि नंबर असतो, आणि तोसुद्धा फक्त धागा रेशमाचा आहे एवढंच सांगतो. माग कुठला यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो.

तक्रार केल्यावर पहिलं उत्तर, "लाईव्ह सेल नो रिटर्न". दुसरं, अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा. तो होता माझ्याकडे, पाठवला, तर "कलर बरोबर आहे, डॅमेज नाही, मग प्रॉब्लेम काय". आणि तिसरं तर कमाल होतं, "ताई हातमाग मी त्या जांभळ्या साडीला म्हटलं होतं, तुमची सेम डिझाईन आहे". म्हणजे अडकलं तर सुटायची वाट स्क्रिप्टमध्येच ठेवलेली!

पण इथे रेकॉर्डिंग कामाला आलं. शेवटी शेवटी एकीने लिहिलं होतं "राणीपण हातमागाचीच आहे ना", आणि होस्ट राणी साडी हातात धरून म्हणते "हो ताई, आत्ताच पाहिलं ना सगळ्यांनी". ती क्लिप कापून पाठवली, सोबत लिहिलं की 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितल्यासारखा माल नसेल तर ऑनलाईन विकणाऱ्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही, तुमचं नो रिटर्न तिथे चालत नाही. मग लगेच सूर बदलला. आधी पुढच्या लाईव्हला तीन हजाराचं कूपन, मग "साडी आधी कुरिअरने पाठवा, चेक करून पैसे टाकतो". साडी मी पाठवली नाही, ती गेली की हातात पुरावा काय उरणार. पैसे जमा करा आणि माणूस पाठवून घेऊन जा असं लिहिलं, तेव्हापासून ब्लू टिक आहे, उत्तर नाही.

1915 वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवली आहे, क्लिप, बिल आणि यूपीआयची पावती जोडून. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतेय, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि विकणारा कुठलाही असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, हे मला आधी माहितीच नव्हतं. त्या लाईव्हमधून अजून कोणी के-22 घेतली असेल तर मेसेज करा, क्लिप देते, तुमच्या तक्रारीलापण जोडता येईल. तारीख लागली की इथेच टाकेन.