अपॉस्टिल: ५० रुपयांचा स्टिकर आणि बाकीचा जीव खाणारा प्रवास

आपला कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय त्यावर स्टिकर लावून देतं, ते अपॉस्टिल. बायकोच्या पदवीचं आणि बारावीच्या गुणपत्रिकेचं अपॉस्टिल गेल्या वर्षी इटलीसाठी करून घेतलं. एजंटने एका कागदाचे काही हजार घेतले. मग कळलं की परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल शुल्क एका कागदाला फक्त ५० रुपये! त्या दिवसापासून ओळखीच्या प्रत्येकाला हा आकडा ऐकवतोय.

'स्वतः का नाही गेलात?' असं विचारू नका. २०१२ पासून मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही. नेमलेल्या एजन्सीकडेच द्यावे लागतात. तिचं सेवाशुल्क ठरलेलं आणि किरकोळ आहे. आमच्या मध्यस्थाने त्यावर जे चढवलं, ते त्याचं. 'दिल्लीलाच पाठवावं लागतं' असंही तो सांगत होता, पण २०१९ पासून मुंबईतही होतं.

तरी आता माझा राग थोडा वळलाय. वेळ स्टिकरला लागलाच नाही, ते काम काही दिवसांतच झालं. लटकलो त्याआधी. मंत्रालय पदवी खरी की खोटी हे बघत नाही, खालच्या अधिकाऱ्याची सही आपल्याकडच्या नमुन्याशी जुळते का एवढंच बघतं. म्हणून आधी विद्यापीठाने पदवीची पडताळणी करायची, मग राज्य सरकारच्या अधिकाऱ्याने सही करायची, मग स्टिकर. बारावीचा कागद विद्यापीठाऐवजी मंडळाकडे जातो. विद्यापीठात पडताळणीचा अर्ज आठवडेच्या आठवडे पडून राहिला आणि मी मात्र रोज एजंटला फोन करून बोलत होतो. बिचारा.

बारावीच्या कागदाने वेगळाच ताप दिला. सासऱ्यांनी कौतुकाने गुणपत्रिका लॅमिनेट करून ठेवलेली. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, सोलायला गेलं तर शाई निघते. शेवटी मंडळाकडून दुय्यम प्रत काढली. घरात कोणी लॅमिनेट करायला निघालं तर हात धरा.

स्टिकर मूळ कागदाच्या मागे लागतो. त्यावरचा क्रमांक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून बघा, नोंद सापडली पाहिजे. नुसती छापील रंगीत पट्टी बघून पैसे देऊ नका.

इटलीत कागद बिनतक्रार चालले. आता मला दुबईहून विचारणा आलीय. अपॉस्टिल मानणाऱ्या देशांच्या हेग करारात यूएई नाही, म्हणजे अपॉस्टिलवर भागत नाही. परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचा शिक्का, आणि तिकडे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणखी एक. दूतावासाचं शुल्क त्या ५० रुपयांच्या कितीतरी पट आहे. तेव्हा ऑफर लेटर हातात पडेपर्यंत माझी पदवी कपाटातच राहणार. फक्त विद्यापीठाच्या पडताळणीचा अर्ज या आठवड्यात टाकतोय.