साडेदहा तास मिळवायचे की झोनचं नाव द्यायचं?

कोल्हापुरातल्या सपोर्ट टीममधली एक मैत्रीण विचारत होती: तिकिटावर न्यूयॉर्कची वेळ असते आणि उत्तरावर आपली, तर उत्तराला किती वेळ लागला हे काढायला शीटमध्ये तिकिटाच्या वेळेत सरळ 10:30 तास मिळवू, की क्वेरीत झोनचं नाव देऊ?

मेहनत पाहिली तर मिळवणं सोपं. हिवाळ्यात हिशोबही बरोबर येतो. पण 9 मार्च 2025 ला तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली आणि फरक 9:30 वर आला. 10 मार्चला तिथे सकाळी 9 ला आलेलं तिकीट म्हणजे आपले संध्याकाळचे 6:30. उत्तर 6:50 ला गेलं, म्हणजे 20 मिनिटं. जुन्या सूत्रात मात्र उणे 40 येतात. उणे आकडा निदान डोळ्यांत भरतो. उत्तर 8 ला गेलं असतं तर 90 ऐवजी 30 मिनिटं दिसली असती, आणि ते कुणाला कळलंही नसतं.

नावाने हा बदल आपोआप सांभाळला जातो. पोस्टग्रेसमध्ये, कॉलममध्ये झोन साठवलेला नसेल तर:

```sql
created_at AT TIME ZONE 'America/New_York'
```

नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे जातात त्या रात्री 1:30 दोनदा वाजतात. तिथे नावही पुरत नाही, मुळातच यूटीसी वेळ साठवलेली हवी.

ग्राहक फक्त दुबईचे असतील तर दीड तास मिळवा, तिथे घड्याळ बदलत नाही. अमेरिका किंवा युरोप असेल तर झोनचं नावच द्या.