तोडीला जाताना गोळ्या: साठा न्यावा की ट्रान्सफर घ्यावी?

दसरा झाला की बीडकडचे ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या चालू असलेल्यांपुढे तेव्हा दोन वाटा असतात: गावाकडच्या एआरटी केंद्रातून तीन महिन्यांचा साठा घेऊन निघायचं, किंवा कारखान्याजवळच्या केंद्रात ट्रान्सफर घ्यायची.

साठा न्यायचा तर हिशेब तारखेनं करा. समजा, केजकडची एक बाई 20 ऑक्टोबरला 30-30 गोळ्यांच्या तीन बाटल्या घेते आणि घरात आधीच्या 8 शिल्लक आहेत. रोज एक याप्रमाणे 98 गोळ्या 25 जानेवारीला संपतात. पट्टा पडून हंगाम मार्चअखेर संपला, तर 65 दिवस रिकामे राहतात. इथं चूक होते. उरलेल्या गोळ्या पुरवायला ती दिवसाआड घेते, किंवा नवऱ्याच्या बाटलीतून घेते आणि दोघांचाही साठा आधीच संपतो. अंगाला लगेच काही जाणवत नाही. विषाणू मात्र पुन्हा वाढू लागतो आणि औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. बाटलीतल्या गोळ्या मोजल्या तर तूट आधीच कळते, व्हायरल लोडमध्ये, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणात, ती उशिरा दिसते.

म्हणून साठ्याच्या वाटेवर संक्रांतीच्या सुमारास एक फेरी धरावीच लागते. त्यात खाडा पडतो, भाडं जातं. घरच्या विश्वासू माणसाकडून गोळ्या मागवायच्या असतील, तर ते चालेल का हे निघण्याआधीच केंद्रात विचारून ठेवा. ज्याला आजार माहीत आहे तोच माणूस निवडा.

ट्रान्सफरमध्ये ही फेरी वाचते. तपासण्याही तिकडेच होतात आणि रांगेत गावचं माणूस भेटायची भीती कमी असते. पण टोळीचा फड हलला की केंद्र लांब पडतं, आणि परतताना उलटी ट्रान्सफर राहून गेली, तर गावाकडे गोळ्या घ्यायला गेल्यावर खोळंबा होतो.

माझं मत असं: तब्येत स्थिर, व्हायरल लोड दबलेला आणि घरात एकाला माहीत असेल, तर साठा बरा. उपचार नुकतेच सुरू झाले असतील, बाई गरोदर असेल किंवा टीबीचं औषध चालू असेल, तर ट्रान्सफरच घ्या. टीबीच्या रिफाम्पिसिनबरोबर एआरटीतल्या डोल्युटेग्राव्हिरचा डोस वाढवावा लागतो, तिथं डॉक्टर जवळ हवा.

मुकादमाला यातलं काही सांगावं लागत नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. कोपीत कुणी लेबल वाचेल ही भीती खरी आहे, तरी गोळ्या पिशवीत ओतू नका. बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी त्यांना जपते. लेबलचा भाग कापडात गुंडाळा.

फोन नवऱ्याकडे किंवा टोळीत फिरत असेल, तर केंद्रातल्या समुपदेशक ताईंना निघण्याआधीच सांगा: कुठल्या वेळी फोन करायचा, आणि दुसऱ्यानं उचलला तर कोण बोलतंय म्हणून सांगायचं.