हॉलमध्ये व्हिट्रीफाइड, बाथरूममध्ये सिरॅमिक, किचनमध्ये मार्बल: दोन पावसाळ्यांनंतर

आमचा मुलुंडचा फ्लॅट जुना, तिसऱ्या मजल्यावरचा. मूळची मोझॅक लादी जागोजागी तडकली होती. गेल्या वर्षी पाडव्याच्या आधी काम काढलं आणि घरात तिघांची तीन मतं असल्यामुळे तीन प्रकारच्या फरश्या बसल्या. हॉल आणि बेडरूम मिळून 300 चौरस फुटांत चकचकीत व्हिट्रीफाइड, दोन्ही बाथरूममध्ये सिरॅमिक, किचन आणि देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात 60 फूट राजस्थानी पांढरा मार्बल. मार्बल सासूबाईंच्या हट्टाचा, चकचकीत टाइल माझ्या.

आधी पैशांचं. हॉल-बेडरूमलाही मार्बलच घालावा म्हणून दोन्हींचा हिशेब काढला होता, ती वही अजून आहे. टाइल 62 रुपये फूट. कापण्यात दहा टक्के वाया धरून 330 फूट घेतली, 20,460 रुपये. जुनी लादी न उखडता तिच्यावरच ॲडहेसिव्हने बसवली, त्याच्या सात पिशव्या 3,850 आणि मजुरी 45 रुपयांनी 13,500. एकूण 37,810. मार्बल 130 रुपये फूट. शिरा आणि तडे टाळून कापायचा म्हणून पंधरा टक्के जास्त, म्हणजे 345 फुटांचे 44,850. बसवणं 21,000, पॉलिश 12,000. झाले 77,850, आणि खालची रेती-सिमेंट वेगळीच. शिवाय मार्बलची जाडी सतरा-अठरा मिलिमीटर आणि त्याखाली मसाल्याचा थर, त्यामुळे जुनी लादी काढावीच लागते. म्हणजे राडारोड्याच्या गोणी, त्या खाली नेणाऱ्यांची मजुरी आणि सोसायटीची कुरकुर. 60 फुटांचंच पॉलिश चाललं होतं तेव्हा चार दिवस घरभर पांढरा रबडा. जुन्या लादीवर टाइल चढवण्याचाही एक भुर्दंड आहे: जमीन बारा-पंधरा मिलिमीटर वर येते आणि सगळे दरवाजे खालून तासावे लागतात. ते आम्हाला सुताराने सांगितलं, तेही टाइल बसल्यावर.

आता निसरडेपणा. याच्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले.

पहिल्या जुलैत सासूबाई भाजी घेऊन आल्या. दारात छत्री उभी केली, चप्पल काढली आणि दुसऱ्याच पावलाला घसरल्या. मनगटाला प्लास्टर, तीन आठवडे. छत्रीचं पाणी जमिनीवर होतं, पण चकाकीत ते दिसलंच नाही. मी लगेच व्हिट्रीफाइडला नावं ठेवायला लागले. मिस्त्री म्हणाला, "ताई, माल व्हिट्रीफाइड आहे म्हणून नाही, पॉलिश आहे म्हणून घसरतंय. हाच माल मॅटमध्ये घेतला असता तर आजी पडल्या नसत्या." त्याचं खरं होतं. व्हिट्रीफाइड म्हणजे आतली माती इतकी घट्ट भाजलेली की पाणी अर्धा टक्कादेखील शोषत नाही. ते झालं अंगाबद्दल. पाय टिकतो की नाही ते वरच्या पृष्ठभागावर ठरतं. पॉलिश केलेल्या टाइलवर पाणी जिरायला जागा नसते, त्याचा पातळ थर पाय आणि लादीच्या मध्ये राहतो. पॉलिश केलेला मार्बलही ओला झाला की तितकाच दगा देतो.

खोक्यावर किंवा कॅटलॉगमध्ये लादीवर पाय किती टिकतो त्याचा R9, R10, R11 असा आकडा असतो, तो मी घेताना विचारलाच नव्हता. R9 ही सगळ्यात खालची पायरी, आणि आमची टाइल तीच निघाली. जिथे पाणी येणार तिथे R10 च्या खाली जाऊ नये. हा आकडा बूट घालून, तेलकट उतारावर चालून काढतात, त्यामुळे बाथरूमसाठी, अनवाणी पायांसाठी, त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. दुकानात सोपं करता येतं: नमुना जमिनीवर ठेवायला सांगा, त्यावर पाणी आणि साबणाचा एक थेंब टाका आणि चप्पल काढून पाय घासून बघा. दुकानदार हसेल, हसू दे.

दिवाळीआधी दारापाशीच्या दोन ओळी काढून मॅट टाइल बसवल्या. ॲडहेसिव्हने बसवलेली लादी सबंध निघत नाही, छिन्नीने फोडूनच काढावी लागते. नवीन मॅट टाइल जुनीपेक्षा एक मिलिमीटर पातळ निघाली, मिस्त्रीने खाली ॲडहेसिव्ह जाड घेऊन पातळी जुळवली. तरी सांध्यावर नख फिरवलं की कळतं. मॅटचा तोटाही लगेच दिसला: चप्पलांची काळी रेघ त्यावर बसते आणि नुसत्या फडक्याने जात नाही, ब्रश लागतो. चकचकीत भाग मात्र एका हाताने पुसून होतो.

निसरडेपणातही एक चूक आमचीच होती. कामाला येणाऱ्या मावशी बादलीत लादी पुसायचं लिक्विड भरपूर ओतायच्या, वास छान यावा म्हणून. ते वाळून पातळ थर राहायचा आणि कोरडी लादीही बुळबुळीत लागायची. आता अर्धं झाकण लिक्विड आणि नंतर एकदा साध्या पाण्याने पुसणं. फरक दोन दिवसांत पायाला कळला.

किचनमधल्या मार्बलचं दुःख निराळं. एका रविवारी सोलकढीचं पातेलं कलंडलं. मी पाचेक मिनिटांत पुसलं, गुलाबी डाग राहिलाच नाही. संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला तेव्हा तिथे पसरट, मंद चट्टा दिसला. बोट फिरवलं तर जरा खरखरीत. मी दोन-तीन क्लीनर घासून बघितले, व्यर्थ. तो डाग नव्हताच. मार्बल म्हणजे चुनखडीच्या घराण्यातला दगड. कोकम, लिंबू, चिंच, टोमॅटो, कशाचीही आंबट धार लागली की वरचं पॉलिश विरघळतं. बसवताना सीलर मारला होता, पण सीलर हळद-तेल आत मुरू देत नाही एवढंच. आंबटापासून तो वाचवत नाही. उपाय एकच, पुन्हा घासून पॉलिश. आणि दोन फुटांच्या चट्ट्यासाठी मशीन घेऊन कुणी येत नाही, जो येतो तो सबंध खोलीचे पैसे मागतो. कोकणी जेवणाच्या घरात ओट्यासमोर पांढरा मार्बल घालू नये, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. देव्हाऱ्यापाशी मात्र तो दीड वर्षानंतरही सुंदर आहे, मे महिन्यात अनवाणी पायाला गार लागतो.

सगळ्यात कमी तक्रार आहे ती सगळ्यात स्वस्त लादीची, बाथरूममधल्या 300 बाय 300 मिलिमीटरच्या मॅट सिरॅमिकची. 38 रुपये फूट. लहान लादी घेतली हे नशीब, कारण ढाळ जाळीकडे चारही बाजूंनी द्यावा लागतो आणि लहान तुकडे त्या उताराबरोबर वळतात. आमच्या वरच्या मजल्यावर मोठ्या टाइल घातल्यात, तिथे कोपऱ्यात कायम पाणी साचतं. सांधे जास्त हा तिचा दोष: पहिल्या पावसाळ्यातच ते काळवंडले, त्यात कुणीतरी ॲसिड ओतलं आणि सिमेंटचं ग्राउट भुसभुशीत झालं. टाइलला काही झालं नाही. नंतर सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं, दोन्ही बाथरूमचे 6,500 गेले, तेव्हापासून शांतता.

एकदा पितळी तांब्या पडला आणि सिरॅमिकचा कवडीएवढा टवका उडाला. आत विटेसारखी लाल माती दिसते, कारण रंग फक्त वरच्या ग्लेझपुरता असतो. हॉलमधली डबल चार्ज आहे, तिच्यात रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर खोल जातो, त्यामुळे बेडरूममध्ये इस्त्री पडून उडालेला टवका शोधावा लागतो. दुकानात सिरॅमिक व्हिट्रीफाइड म्हणून गळ्यात मारतात का, अशी शंका आली तर लादी उलटी करून मागे थोडं पाणी सोडा. सिरॅमिक ते बघता बघता पिते, व्हिट्रीफाइडवर थेंब तसाच बसून राहतो.

सासूबाई अजूनही हॉलमधून भिंतीच्या कडेने चालतात. चट्ट्यावर मी पायपुसणं टाकलंय.