पॅनल हिरवं होतं आणि डाळ दोनदा आली

पुण्याच्या मार्केट यार्डाजवळ आमच्या शेठचा किराण्याचा घाऊक धंदा आहे. बिलिंग आणि गोदामाचा हिशेब जुन्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्याच्या पोटात मायएसक्यूएल. खरेदीचे काका रोज सकाळी साठ्याचा रिपोर्ट बघून माल मागवतात, तो रिपोर्ट मात्र वेगळ्या डेटाबेसवर. इकडचा डेटा तिकडे नेण्याचं काम आम्ही एका कंपनीला वर्षाच्या करारावर दिलं होतं. नाव देत नाही, कारण मला भांडण करायचं नाही. असा करार कुणी करत असेल तर त्याने हे वाचावं, एवढंच.

करारात लिहिलं होतं की डेटा 30 मिनिटांपेक्षा जुना असणार नाही, महिन्यातला 99.5 टक्के वेळ. लक्ष्य चुकलं तर बिलात सूट. सही करताना मला हे फार कडक वाटलं होतं. ‘जुना’ म्हणजे काय, तो कुठून कुठपर्यंत मोजायचा, हे त्यात कुठेच नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

शनिवार, 11 ऑक्टोबर 2025. दिवाळी आठवड्यावर आलेली, गोदामात पाय ठेवायला जागा नाही. एका काउंटरचा कॉम्प्युटर दुरुस्तीहून आला आणि कुणीतरी त्याची तारीख हाताने टाकली. 11/10 लिहिलं, मशीनने महिना आधी धरला, तारीख झाली 10 नोव्हेंबर. आमचं बिलिंग सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीचा `updated_at` त्या त्या मशीनच्या घड्याळावरून टाकतं. त्यामुळे दुपारी 3:04 ला साठ्याच्या टेबलात एक महिना पुढच्या तारखेची नोंद बसली.

पुढचं समजायला कंपनीचं यंत्र कसं चालतं ते सांगतो. दर 10 मिनिटांनी ते मूळ टेबलाला विचारतं, ‘मागच्या वेळी मी जिथे थांबलो त्या वेळेनंतरच्या नोंदी दे.’ ती थांबलेली वेळ ते स्वतःजवळ लिहून ठेवतं, त्याला ते लोक कर्सर म्हणतात. 10 नोव्हेंबरची नोंद उचलल्यावर कर्सर तिथे जाऊन बसला. त्यानंतर दर 10 मिनिटांनी प्रश्न असा जायचा की 10 नोव्हेंबरनंतरचं काही आहे का. अर्थातच नव्हतं. शून्य ओळी आल्या, चूक काही नाही, फेरी यशस्वी. पॅनलवर हिरवा ठिपका आणि खाली ‘शेवटचा सिंक: 4 मिनिटांपूर्वी’. दोन दिवस हेच.

रविवारी गोदामात 200 पोती हरभराडाळ उतरली. सोमवारी सकाळी काकांच्या रिपोर्टात ती नव्हती. दिवाळीच्या तोंडावर बेसनाला डाळ कमी पडणार म्हणून त्यांनी फोन करून आणखी 200 पोती मागवली. उलट, शनिवारी संध्याकाळी गेलेला मैदा रिपोर्टात अजून शिल्लक दिसत होता. त्या भरवशावर आम्ही दोन दुकानदारांना शब्द देऊन बसलो. अकराच्या सुमारास गोदामातले मुनीम वर आले, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, “साहेब, हा मैदा तर शनिवारीच गेला की.”

मी लगेच पॅनल उघडलं. हिरवं. मग दोन्हीकडच्या टेबलांचा शेवटचा नोंद क्रमांक बघितला, तेव्हा हजारो नोंदींचा फरक निघाला. म्हणजे पॅनल जे मोजत होतं ते डेटाचं वय नव्हतंच. आपलं यंत्र शेवटचं कधी धावलं, तेवढंच ते सांगत होतं. टपालवाला रोज गल्लीत येऊन रिकाम्या पिशवीने परत जातो, आणि आपण समजतो पत्रं वेळेवर मिळताहेत.

कंपनीने दुपारी तीनच्या सुमाराला कर्सर मागे आणला आणि डेटा भरला. इथपर्यंत मी याला चूक म्हणेन. घड्याळ आमच्याच माणसाने बिघडवलं होतं. फसवणूक यानंतर सुरू झाली.

पहिली गोष्ट महिन्याच्या हिशेबाची. त्यांनी बंद पडल्याचं बिनतक्रार मान्य केलं, माफीही मागितली आणि रिपोर्ट पाठवला: लक्ष्य पाळलं, 99.84 टक्के. मला आधी कळेचना. मग कागदावर मांडलं. ऑक्टोबरात 44,640 मिनिटं. साठ्याचं टेबल 48 तास, म्हणजे 2,880 मिनिटं बंद. एकट्या त्या टेबलाचं गणित केलं तर 93.55 टक्के येतात. पण आम्ही एकूण 40 टेबलं पाठवतो, आणि त्यांनी सगळ्यांची सरासरी काढली होती. त्या चाळिसांत पिनकोडची यादी आहे, जीएसटीच्या दरांचं टेबल आहे, जिथे महिनोन्महिने काही हलत नाही. 2,880 भागिले 40 म्हणजे 72 मिनिटं. मुभा होती 223 मिनिटांची. या हिशेबाने साठ्याचं टेबल सलग सहा दिवस मेलं असतं तरी त्यांचं लक्ष्य पाळलेलंच राहिलं असतं.

दुसरी गोष्ट जास्त लागली. तक्रारीच्या उत्तरात त्यांच्या एका मुलाने चुकून आतल्या मेलांची अख्खी साखळी पुढे पाठवली. सगळ्यात खाली शनिवारी रात्री 9:10 चा आपोआप आलेला इशारा होता: साठ्याच्या टेबलात 6 तासांत 0 ओळी. त्यावर कुणीतरी उत्तर दिलं होतं, कस्टमरची तक्रार नाही, सोमवारी बघू. म्हणजे इशाऱ्याची व्यवस्था होती आणि ती वाजलीही होती. आम्हाला विकलेल्या पॅनलला मात्र ती जोडलेली नव्हती. रविवारी सकाळी मला कळलं असतं तर डाळीचा दुसरा ट्रक आला नसता.

तिसरी गोष्ट म्हणजे सारवासारव. आठवड्याभरात पॅनलवर नवा आकडा आला, ‘डेटाचं वय’. मी खूश झालो, पण या वेळी तपासायचं ठरवलं. रात्री गोदाम चालू असताना त्या टेबलाचं सिंक त्यांच्याच पॅनलवरून तासभर थांबवून ठेवलं. डेटाचं वय: 0 मिनिटं. तासभर शून्यच. कारण ते वय काढत होते ‘आत्ताची वेळ वजा सगळ्यात मोठा `updated_at`’ असं, आणि ती 10 नोव्हेंबरची नोंद अजून टेबलात होती. उत्तर उणे येत होतं, आणि उणे आलं की शून्य दाखवायचं असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. विचारल्यावर म्हणाले, उणे आकडा बघून ग्राहक गोंधळतात. खरं तर वय उणे येणं ही घड्याळ चुकल्याची सगळ्यात स्वस्त खूण आहे. यूटीसी आणि आपल्या वेळेची गल्लत झाली की असाच साडेपाच तासांचा उणे फरक येतो. तो शून्याखाली झाकला तर साडेपाच तासांपर्यंतचा उशीर कुणाला दिसतच नाही.

मग मी स्वतःच मोजायला लागलो. आधी वाटलं, मूळ डेटाबेसात एक छोटं टेबल ठेवावं, त्यात दर मिनिटाला वेळ लिहावी आणि ती पलीकडे कधी पोचते ते बघावं. याला हार्टबीट म्हणतात. सगळे बदल एकाच लॉगमधून एका रांगेत जात असतील तिथे ते छान चालतं. आमच्याकडे प्रत्येक टेबलाचा कर्सर वेगळा. त्या शनिवारी हार्टबीट अगदी वेळेवर पोचली असती आणि साठा तसाच अडकलेला राहिला असता.

दुसरा मोह सगळ्यात मोठी तारीख बघण्याचा. तिची गंमत वर सांगितलीच. शिवाय गोदाम बंद असलं की नवी नोंद येत नाही, तारीख जुनी होत जाते आणि काहीही बिघडलेलं नसताना अलर्ट वाजतो. असे चार खोटे अलर्ट आले की पाचव्याला कुणी फोन उचलत नाही.

शेवटी प्रश्न असा ठेवला: मूळ टेबलात आलेली पण पलीकडे न पोचलेली सगळ्यात जुनी नोंद किती मिनिटं थांबली आहे? त्यासाठी सॉफ्टवेअरवाल्याकडून टेबलात सर्व्हरच्या घड्याळाने आपोआप भरणारा एक रकाना घालून घेतला, `created_srv`. पलीकडचा शेवटचा क्रमांक आधी आणायचा आणि मग इकडे विचारायचं:

```sql
SELECT COALESCE(TIMESTAMPDIFF(MINUTE,
         MIN(created_srv), NOW()), 0) AS lag_min
FROM stock_ledger
WHERE id > 1048213;
```

गोदाम बंद असेल तर थांबलेली नोंदच नसते, उत्तर शून्य, आणि ते शून्य खरं असतं. याचीही मर्यादा आहे. फक्त नव्या नोंदी कळतात. जुन्या नोंदीत कुणी आकडा बदलला तर हे गप्प बसतं. मधलीच एखादी नोंद गळली तरी कळत नाही. म्हणून रात्री दिवसभराच्या नोंदींची संख्या आणि पोत्यांची बेरीज दोन्हीकडे जुळवतो.

ही तपासणी दर 5 मिनिटांनी, पॅनल सोडून आमच्याच मशीनवरून चालते. 20 मिनिटांना मला मेसेज येतो, आणि 30 च्या वर लागोपाठ दोनदा गेलं की मला आणि काकांना फोन. तपासणीला उत्तरच मिळालं नाही तर तोही उशीरच धरतो. सुरुवातीला ते शून्य धरलं जात होतं, म्हणजे मी त्यांचीच चूक करत होतो. सकाळी 8 ला ती एक साधा मेसेज पाठवते. तो आला नाही की राखणदारच झोपला असं समजायचं. रिपोर्टच्या डोक्यावर आता मोठ्या अक्षरात छापलं जातं, ‘साठा अमुक वाजेपर्यंतचा’. काका अलर्टपेक्षा त्या ओळीवर जास्त विश्वास ठेवतात.

कराराच्या नूतनीकरणाला मी तीन ओळी घालायला सांगितल्या. उशीर म्हणजे न पोचलेल्या सगळ्यात जुन्या नोंदीचं वय. हिशेब टेबलागणिक, आणि सगळ्यात वाईट टेबल धरायचं. तुमच्याकडे वाजलेला इशारा त्याच मिनिटाला आमच्याकडेही आला पाहिजे. उत्तर आलं, “पहिली मान्य, तिसरीचं बघतो, दुसरी आम्ही कुणालाच देत नाही.” आम्ही करार वाढवला नाही. ऑक्टोबरच्या बिलात सूट मिळाली ती शून्य रुपये, कारण त्यांच्या कागदावर 99.84 होते आणि सही माझी होती. डाळीची शेवटची 40 पोती जानेवारीत गेली, खरेदीच्या भावाखाली.